संध्याकाळी साडेसहाची एकच ओळ

आईबाबा सांगलीला, मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजेला, मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, भाचा शिकायला लंडनमध्ये आणि पुतणी नोकरीसाठी मेलबर्नला. असं घर आता काही विरळा राहिलेलं नाही. या पाच घरांना आठवड्यातून एकदा एकाच वेळी पडद्यावर भेटायचं असेल, तर पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. "उद्या सकाळी बोलू," असं मुलगी म्हणते, आणि आई विचारते, "म्हणजे तुझ्या सकाळी की आमच्या?"

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत एका आकड्यानं दिलं जातं. अमेरिका साडेनऊ तास मागे, लंडन साडेचार तास मागे, ऑस्ट्रेलिया साडेचार तास पुढे. हे आकडे तोंडपाठ असतात आणि वर्षातला बराच काळ ते खोटे असतात. म्हणून ज्यांचे नातलग दोनाहून अधिक देशांत आहेत, त्यांनी फरक पाठ करण्यापेक्षा वेळांचा तक्ता वापरावा. एका आडव्या ओळीत एकच क्षण असतो आणि त्या क्षणी प्रत्येक गावाच्या घड्याळात किती वाजले असतील, ते त्या त्या उभ्या रकान्यात लिहिलेलं असतं. इंटरनेटवर असे तक्ते फुकट मिळतात. गावं निवडायची, तारीख टाकायची, की चोवीस ओळींचा तक्ता समोर येतो. पण तो वाचायचा कसा आणि तो कुठे फसवतो, हे समजून घेतलं तरच उपयोग.

तारीख टाकायची, हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं. तक्ता हा दोन गावांमधला नसतो, तो दोन गावांमधला एका विशिष्ट दिवशीचा असतो.

आधी आपल्या अर्ध्या तासाचं पाहू, कारण सगळ्या गोंधळाची सुरुवात अनेकांना तिथेच वाटते. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे. साडेब्याऐंशीला पंधरानं भागलं की साडेपाच येतात, म्हणून आपण जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे. ही प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईनं आपली वेगळी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत टिकवली होती आणि ती प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होती. त्या मानानं आजचा अर्धा तास फारच सोयीचा. तो वर्षभर बदलतही नाही.

या अर्ध्या तासामुळे तक्ता तपासायची एक सोपी खूण मात्र मिळते. सांगलीत पूर्ण तास वाजले असतील, तर लंडन, एडिसन, सॅन होजे आणि मेलबर्न या चारही ठिकाणी काहीतरी वाजून तीस मिनिटं झालेली असली पाहिजेत. कुणी पाठवलेल्या निरोपात भारताचे आठ आणि लंडनचे तीन असं दिसलं, तर कुणीतरी डोक्यात हिशेब करताना अर्धा तास सोडून दिला आहे, हे लगेच ओळखावं. आणि स्वतः तक्ता मांडत असाल, तर भारताच्या रकान्यात साडेसहा, साडेसात, साडेआठ अशाच वेळा घ्या. मग बाकी सगळ्यांच्या रकान्यांत पूर्ण तास येतात आणि कागद वाचायला स्वच्छ होतो.

आता या घराचा जुलैतला तक्ता पाहा. पूर्ण चोवीस ओळींतून कामाच्या पाचच घेतल्या आहेत. दिवस रविवारचा, अर्थात सांगलीचा रविवार.

| सांगली | सॅन होजे | एडिसन | लंडन | मेलबर्न |
|---|---|---|---|---|
| रवि. सकाळी ६.३० | शनि. संध्या. ६ | शनि. रात्री ९ | रवि. पहाटे २ | रवि. सकाळी ११ |
| रवि. सकाळी ९.३० | शनि. रात्री ९ | शनि./रवि. रात्री १२ | रवि. पहाटे ५ | रवि. दुपारी २ |
| रवि. दुपारी १२.३० | शनि./रवि. रात्री १२ | रवि. पहाटे ३ | रवि. सकाळी ८ | रवि. संध्या. ५ |
| रवि. संध्या. ६.३० | रवि. सकाळी ६ | रवि. सकाळी ९ | रवि. दुपारी २ | रवि. रात्री ११ |
| रवि. रात्री ९.३० | रवि. सकाळी ९ | रवि. दुपारी १२ | रवि. संध्या. ५ | सोम. पहाटे २ |

सकाळी सहा ते रात्री अकरा हा माणसानं जागं असण्याचा काळ धरला, तर या घराला जुलैत एकच ओळ सापडते. संध्याकाळी साडेसहाची. सांगलीत दिवेलागण, सॅन होजेला मुलगी नुकतीच उठलेली, एडिसनला रविवारचा नाश्ता, लंडनला दुपार आणि मेलबर्नला पुतणी झोपण्याच्या तयारीत. साडेसहाच्या अलीकडे सरकलात तर सॅन होजेला पहाट होते, पलीकडे सरकलात तर मेलबर्नला मध्यरात्र. दोन्ही टोकांना अगदी काठावर उभी असलेली ही एक ओळ.

त्या दोन टोकांकडेच नीट पाहायला हवं. पाच गावांचा तक्ता खरं तर सर्वांत लांबच्या दोन गावांवर ठरतो, इथे सॅन होजे आणि मेलबर्नवर. जुलैत या दोघांत सतरा तासांचं अंतर असतं. उत्तर गोलार्धात तेव्हा उन्हाळा असतो, म्हणून कॅलिफोर्नियानं घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं. मेलबर्नला तेव्हा हिवाळा, तिथलं घड्याळ आपल्या मूळ जागी. मग ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मेलबर्न आपलं घड्याळ एक तास पुढे करतं आणि अंतर अठरा तासांचं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी कॅलिफोर्निया घड्याळ एक तास मागे घेतं आणि अंतर एकोणीस तासांवर जातं. दोघं एकमेकांपासून विरुद्ध दिशांना सरकतात. मधल्या सांगलीचं घड्याळ जागचं हलत नाही, तरी सांगलीला सापडलेली ती एकच ओळ नाहीशी होते.

जानेवारीत तेच संध्याकाळचे साडेसहा घेतले, तर सॅन होजेला पहाटेचे पाच, एडिसनला सकाळचे आठ, लंडनला दुपारचा एक आणि मेलबर्नला रात्रीचे बारा वाजलेले असतात, तेही रविवार संपून सोमवार लागताना. आषाढ-श्रावणात सुखानं चाललेला रविवारचा फोन दिवाळीपाठोपाठ विस्कटू लागतो. "हल्ली ताई येतच नाही फोनवर," अशी कुरबूर सुरू होते. ताईचं प्रेम आटलेलं नसतं, तिच्याकडे पहाटेचे पाच वाजलेले असतात.

घड्याळं बदलण्याच्या तारखा एकदा नीट पाहून ठेवाव्यात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. हे वेळापत्रक तिथे २००७ पासून आहे. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मेलबर्न-सिडनीकडे ऑक्टोबरचा पहिला रविवार पुढे जाण्याचा आणि एप्रिलचा पहिला रविवार मागे येण्याचा. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जगाची घड्याळं एकमेकांशी पायरीपायरीनं तुटत आणि जुळत असतात. या काळात ना उन्हाळ्याचा तक्ता पूर्ण खरा, ना हिवाळ्याचा.

आणि मराठी घरांची अडचण अशी, की आपला गुढीपाडवा आणि आपली दिवाळी बहुतेक वेळा याच दोन काळांत किंवा त्यांच्या उंबरठ्यावर येतात. एरवी महिनाभर फोन न करणारी माणसंही ज्या दिवशी हमखास एकत्र येऊ पाहतात, तेच दिवस घड्याळाच्या दृष्टीनं सर्वांत घातकी.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, रविवारी. त्याच दिवशी ब्रिटनची घड्याळं पुढे गेली. तो बदल तिथे मध्यरात्रीनंतर एक वाजता होतो, म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसहा. इकडे घरोघरी गुढ्या उभ्या राहत होत्या, त्या क्षणी लंडनचं घड्याळ एकावरून थेट दोनावर गेलं. शनिवारी रात्री लंडन आपल्या साडेपाच तास मागे होतं आणि रविवारी साडेचार. २०२६ चा पाडवा १९ मार्चला. अमेरिकेनं ८ मार्चला घड्याळ बदललेलं आणि ब्रिटनचा बदल २९ मार्चला, म्हणजे पाडवा बरोबर मधल्या फटीत. एडिसन साडेनऊ तास मागे, हा उन्हाळ्याचा आकडा, आणि लंडन साडेपाच तास मागे, हा हिवाळ्याचा. एकाच तक्त्यात दोन ऋतू.

२०२४ ची दिवाळी तर या विषयाचा वस्तुपाठच होती. लंडनचं घड्याळ २७ ऑक्टोबरला मागे आलं. लक्ष्मीपूजन आपल्याकडे १ नोव्हेंबरला, शुक्रवारी. पाडवा शनिवारी. आणि भाऊबीज ३ नोव्हेंबरला, रविवारी, ज्या रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे आली. आपल्या नमुन्याच्या घरात शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला पूजेच्या वेळी सगळ्यांना बोलावलं असतं, तर एडिसनला सकाळचे नऊ वाजलेले असते. दोनच दिवसांनी, भाऊबिजेला, त्याच साडेसहाला एडिसनला आठ.

आता बहिणीनं सांगलीहून भावाला कळवलं आहे असं समजा: "रविवारी संध्याकाळी साडेसातला ओवाळते, तुझे दहा वाजतील." शुक्रवारच्या हिशेबानं ते अगदी बरोबर होतं. पण रविवारी पहाटे भाऊ झोपेत असताना दोन वाजता त्याचं घड्याळ एकावर आलं. सांगलीत साडेसात वाजले तेव्हा त्याच्याकडे नऊच वाजलेले. तो आपल्या दहाच्या हिशेबानं आंघोळ करून बसला तेव्हा सांगलीत साडेआठ झाले होते आणि निरांजन शांत झालं होतं. चूक दोघांचीही नाही. निरोपात एकाच क्षणाची दोन नावं होती, सांगलीचे साडेसात आणि एडिसनचे दहा, आणि त्या दिवशी ती दोन नावं एका क्षणाची राहिली नव्हती.

त्या रविवारी आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडली, जी दरवर्षी घडते आणि फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत घड्याळ आपापल्या स्थानिक वेळेनं दोन वाजता बदलतं, सगळीकडे एकदम नाही. न्यू जर्सीचं बदललं तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा होते, कॅलिफोर्नियाचं बदललं तेव्हा दुपारचे अडीच. मधले तीन तास न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात नेहमीच्या तीनऐवजी दोनच तासांचं अंतर होतं. भाऊ एडिसनला आणि बहीण सॅन होजेला असेल आणि सांगलीच्या दुपारी बाराला सगळ्यांना जमवायचं ठरलं असेल, तर पाठ केलेला कोणताही आकडा उपयोगी पडला नसता. तारीख आणि गाव घालून काढलेल्या तक्त्यानंच ते बरोबर दाखवलं असतं.

याच दिवाळीत तिथीचाही एक पेच होता. अमावास्या आपल्याकडे १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या जगाला एकच असतो, आणि तो क्षण न्यू जर्सीच्या घड्याळात सकाळी पावणेनऊचा होता. तिथे शुक्रवारची संध्याकाळ होईपर्यंत अमावास्या केव्हाच सरली होती, त्यामुळे तिथलं पंचांग पाहणाऱ्यांनी लक्ष्मीपूजन आदल्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला केलं. मुलाचा आणि आईचा सण एका दिवसानं वेगळा पडतो, यात कुणाचंच पंचांग चुकलेलं नसतं. सणाचा फोन ठरवताना तिकडच्या पूजेची तारीख वेगळी विचारावी लागते, ती वेळांच्या तक्त्यात सापडत नाही.

इंटरनेटवरचे तयार तक्ते रंगवलेले असतात. साधारणपणे कचेरीच्या वेळा हिरव्या, सकाळ-संध्याकाळच्या कडेच्या वेळा पिवळ्या आणि रात्र लाल. हे रंग कंपन्यांच्या बैठकांसाठी आहेत आणि घरच्या माणसांनी ते जसेच्या तसे मानू नयेत. मंगळवारी सकाळी अकरा हा हिरवा चौकोन असतो, पण त्या वेळी मुलगा कामावर असतो आणि आईचा फोन उचलून "नंतर करतो" एवढंच म्हणतो. घरासाठी खरी चांगली वेळ पिवळ्यात असते, आणि कधी कधी चक्क लाल रंगातही.

जानेवारीच्या तक्त्यातली सकाळी साडेसहाची ओळ पाहा. सांगलीत रविवारची सकाळ. सॅन होजेला शनिवारची संध्याकाळ, पाच. एडिसनला शनिवारचे रात्रीचे आठ. मेलबर्नला रविवारची दुपार, बारा. अडला एकटा लंडनचा भाचा, त्याच्याकडे शनिवार उलटून रात्रीचा एक वाजलेला, लाल चौकोन. पण बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा शनिवारी रात्री एक वाजता झोपलेला असतो का? बहुधा नसतो. सांगलीचे आईबाबा पहाटे पाचलाच उठून चहा घेत असतील, तर हीच भेट साडेपाचला घ्यावी, म्हणजे भाच्याकडे फक्त बारा वाजतील. शिवाय या ओळीत कुणालाच त्या दिवशी कामावर जायचं नाही, पाचही ठिकाणी शनिवार नाहीतर रविवारच आहे. संध्याकाळच्या ओळीत मात्र मेलबर्नचा सोमवार उजाडू लागतो, आणि सोमवारी कामावर जाणाऱ्या पुतणीला मध्यरात्री जागवणं हे शनिवारी रात्री भाच्याला जागवण्यापेक्षा कितीतरी जड आहे. घड्याळाइतकंच वाराकडे पाहावं, असं मला ठामपणे वाटतं. तक्त्यात प्रत्येक चौकोनात वार लिहिलेला असलाच पाहिजे. नुसता 'एक वाजता' हा निरोप निम्माच असतो.

म्हणून या घराचं उत्तर असं निघतं: एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आधीपर्यंत संध्याकाळी साडेसहा, आणि एकदा मेलबर्नचं घड्याळ पुढे गेलं की सकाळची ओळ. दुसऱ्या घराचं उत्तर निराळं असेल. मेलबर्नला कुणी नसेल, तर संध्याकाळची ओळ वर्षभर चालते, फक्त हिवाळ्यात तासभर उशिरा, साडेसातला. दुबई किंवा सिंगापूरला नातलग असतील तर फारसा प्रश्नच नाही. दुबई बारा महिने दीड तास मागे आणि सिंगापूर बारा महिने अडीच तास पुढे, तिथे घड्याळ हलवत नाहीत.

एकाच देशातही सगळे घड्याळ हलवत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावं. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचा बहुतेक भाग हा बदल पाळत नाही, त्यामुळे फीनिक्स आपल्यापासून वर्षभर साडेबारा तासच मागे राहतं. उन्हाळ्यात त्याची वेळ कॅलिफोर्नियाशी जुळते, हिवाळ्यात जुळत नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन आणि पर्थ घड्याळ बदलत नाहीत, सिडनी आणि मेलबर्न बदलतात. तक्त्यात देशाचं नाव न निवडता गावाचं निवडायचं, ते यासाठी. नातलगाचं लहान गाव यादीत सापडलं नाही, तर त्याच राज्यातलं मोठं शहर घ्यावं.

गाव निवडावं, आद्याक्षरं टाळावीत. एडिसनचा मुलगा जुलैत लिहितो, "9 AM EST". त्याच्या मनात त्याच्या भिंतीवरचं घड्याळ असतं. पण EST हे पूर्व अमेरिकेच्या हिवाळी वेळेचं नाव आहे, उन्हाळ्यात तिथे EDT चालू असतं. कुणी ते अक्षरशः घेऊन फोनमध्ये घातलं, तर सांगलीची वेळ साडेसात निघते, खरी असते साडेसहा. आपलं IST सुद्धा एकट्या भारताचं नाही, इस्रायलची वेळही त्याच तीन अक्षरांनी लिहितात. "न्यूयॉर्कचे सकाळी नऊ" असं लिहिलं की वाद उरत नाही.

दर आठवड्याचा फोन असेल, तर तो कॅलेंडरमध्ये एकदाच नोंदवून सगळ्यांना आमंत्रण पाठवणं उत्तम. प्रत्येकाच्या फोनवर ते आपापल्या वेळेत दिसतं. पण इथे एक प्रश्न आधी सोडवावा लागतो: नोंद कुणाच्या घड्याळाला बांधायची? फोन किंवा संगणक ज्या देशात असेल, साधारणपणे त्या देशाच्या वेळेला ती आपोआप बांधली जाते. एडिसनच्या मुलानं जुलैत "दर रविवारी सकाळी नऊ" अशी नोंद केली, तर नोव्हेंबरपासून त्याचे नऊ नऊच राहतील आणि सांगलीचे साडेसहा मात्र साडेसात होतील. २०२६ मध्ये लंडनच्या भाच्याला हीच नोंद एरवी दुपारी दोनला दिसेल, पण ८, १५, २२ मार्च आणि २५ ऑक्टोबर या चारच रविवारी एकला. त्याला वाटेल मामाच्या मुलानं वेळ बदलली, आणि मामाच्या मुलानं तर काहीच केलेलं नसेल.

माझं मत विचाराल तर नोंद सांगलीला बांधावी. भारताचं घड्याळ हलत नाही, म्हणून आईबाबांची औषधं, देवपूजा, जेवण यांच्या वेळा हलत नाहीत. बाहेरच्या मुलांचे फोन त्यांना हलणारी वेळ आपोआप दाखवतात, त्यांना ते पेलतं. नोंद करताना वेळेच्या विभागाच्या जागी भारत निवडावा. यादीत मुंबई किंवा पुणे सापडेलच असं नाही, Kolkata किंवा India Standard Time असं लिहिलेलं असू शकतं आणि शेजारी GMT+05:30 दिसेल. ते दिसलं की बरोबर. मात्र अशी नोंद वर्षभरासाठी सोडून देऊ नये. हिवाळ्यात सॅन होजेला तिची पहाट होते हे वर आलंच आहे. ऑक्टोबर आणि एप्रिलच्या सुरुवातीला जुनी नोंद बंद करून नवी करावी.

आणि आईबाबांसाठी कागद. फोनवरचा तक्ता त्यांना उघडता येतो, पण फोन हातात असतानाच तो पाहायचा म्हणजे बोलणं थांबवायचं. कालनिर्णयशेजारी टाचलेला कागद नजरेसमोर असतो. त्यात पहिला रकाना सांगलीचा असावा. तयार तक्त्यांत पहिला रकाना अनेकदा जागतिक प्रमाणवेळेचा असतो आणि घरात कुणाला त्याचं काही काम नसतं. रकान्यावर नुसतं गावाचं नाव लिहू नये, माणसाचं लिहावं. चोवीस ओळी नकोत, सात-आठ पुरतात. आणि कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरात लिहावं, हा तक्ता कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत खरा. हिवाळ्याच्या कागदावर नोव्हेंबरचा पहिला रविवार ते मार्चच्या दुसऱ्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत. उन्हाळ्याच्या कागदावर एप्रिलचा पहिला रविवार ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत. मधल्या दोन काळांसाठी कागद करूच नये, तेव्हा दर वेळी तारीख घालून नवा तक्ता काढावा.

लंडनपुरती एक जुनी युक्ती अशा कागदावर लिहून ठेवण्याजोगी आहे. काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरलं, म्हणजे सहाचा आकडा वर आणला, की हिवाळ्यात लंडनला साधारण किती वाजले ते दिसतं. साडेपाच तासांच्या फरकामुळे हे जमतं, म्हणून उन्हाळ्यात ते जमत नाही. कॅलिफोर्नियासाठी उन्हाळ्यात याहून सोपं आहे: आपल्या वेळेतून अर्धा तास वजा करायचा आणि सकाळची रात्र करायची.

हे नियम सरकारं बदलूही शकतात. मेक्सिकोनं २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागात घड्याळ बदलणं बंद केलं. युरोपच्या संसदेनं २०१९ मध्ये ते थांबवण्याच्या बाजूनं मत दिलं, पण अंमल झाला नाही. फोन आणि संगणकांना हे नियम त्यांच्या अद्ययावत आवृत्त्यांबरोबर मिळतात. घरात कपाटावर पडलेला जुना टॅबलेट वर्षानुवर्षं अद्ययावत केलेला नसेल, तर तो एखाद्या देशाची वेळ शांतपणे एक तास चुकीची दाखवतो. शंका आली की त्या गावातल्या माणसालाच विचारावं, "आत्ता तुझ्याकडे किती वाजले?" हे काही सेकंदांचं काम आहे आणि कोणत्याही तक्त्यापेक्षा खात्रीचं.

२०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. तोवर मेलबर्न, लंडन आणि अमेरिका तिघांचीही घड्याळं बदलून झालेली असतील, म्हणजे हिवाळ्याचा कागद लागू. आपल्या नमुन्याच्या घरानं त्या सकाळी फराळाच्या वेळी भेटायचं ठरवलं, तर घरच्या ग्रुपवर जाणारा निरोप असा असावा:

"रविवार ८ नोव्हेंबर, सांगली सकाळी ६.३०. ताई, तुझ्याकडे शनिवार ७, संध्याकाळी ५. दादा, शनिवार ७, रात्री ८. लंडन, शनिवार संपून रविवार ८, रात्री १. मेलबर्न, रविवार ८, दुपारी १२. वेळ सांगलीची पक्की, बाकीच्यांनी आपापली तपासून हो कळवा."